लेकीच्या पोस्टमधला बाप

रायपुरातल्या एका चांगल्या कॉलनीत, एका चांगल्या घराच्या फाटकापाशी उभं राहून, एका चांगल्या बाईच्या तोंडून मी माझीच निंदा ऐकली आहे. आणि एकदा नाही, दर रविवारी. बाई शाळेच्या निवृत्त प्राचार्या, त्यामुळे शब्द निवडून वापरायच्या. "पत्थरदिल आदमी होगा," असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा माझ्या एका हातात त्यांची टमाट्याची पिशवी होती आणि दुसऱ्यात लाल भाजीची जुडी. "बेटी इतना अच्छा काम कर रही है, और बाप रास्ता रोककर खड़ा है! आप तो उसके यहाँ काम करते हैं, आपने देखा होगा उसको?"

"हव मॅडम," मी म्हणालो, "देखा है."

खोटं काहीच नव्हतं. रोज दाढी करताना बघतच होतो.

हे कसं झालं ते सांगायचं तर लेकीपासून सुरुवात करावी लागेल. आमची एकुलती एक पोरगी एका खासगी बँकेत नोकरीला होती. एसी ऑफिस, गळ्यात पट्टा, महिन्याअखेरीला टार्गेट. एक दिवस घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "बाबा, मी राजीनामा देऊन आली. शेती करतो आता." आमच्याकडे पोरीही कधीकधी 'करतो' म्हणतात, त्याकडे लक्ष देऊ नका. हिच्या आईच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली. मी विचारलं, "अभनपूरच्या बोअरले उन्हाळ्यात पाणी टिकते का, ते पायलं का?" ती म्हणाली, पाहिलं. मी म्हटलं, मग ठीक आहे. एवढंच झालं. नाटक झालंच नाही.

अभनपूरकडची ती जमीन माझीच. रेल्वेच्या ऑफिसात कारकून असताना घेतलेली. पुढे राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, नवीन राजधानी तिकडेच बांधायला काढली आणि आमच्या ऑफिसातला जो तो मला सांगायला लागला की आता विक, आता नाही तर कधीच नाही. मी विकली नाही. त्यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती, मला कागदपत्रांचा कंटाळा आहे. जमीन पडून होती, पोरीला हवी होती, दिली. सकाळी स्कूटरवर बसून तिच्याबरोबर जाऊ लागलो. निवृत्त माणसाला सकाळी जायला एक जागा लागते, नाहीतर तो घरात बसून बायकोला भाजी कशी चिरायची ते शिकवतो.

पहिलं वर्ष आम्ही शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन ड्रममध्ये कालवून जीवामृत करण्यात आणि शेजारच्या शेतकऱ्यांचं हसू ऐकण्यात घालवलं. पुढे त्यांतलेच चारजण आमच्याबरोबर गटात आले. अशा गटात शेतकरी एकमेकांच्या शेतात जाऊन तपासणी करतात, कोणी चोरून युरिया टाकला का, औषध मारलं का ते बघतात, आणि मग गटाला प्रमाणपत्र मिळतं. पण जमीन रासायनिक खतातून बाहेर यायला वर्षं लागतात. आमची जमीन त्या मधल्या वर्षांत होती. म्हणजे भाजी बिनविषारी होती, पण तसा ठप्पा अजून हातात नव्हता. गिऱ्हाईकाने विचारलं, प्रूफ काय, तर सांगायला एकच गोष्ट होती: आम्ही सांगतो म्हणून.

आता "आम्ही सांगतो" हे सांगायचं कसं, इथे लेकीची मैत्रीण आली. ही कॉलेजातली मैत्रीण. आता एका फ्लॅटमधून छोट्या धंदेवाल्यांची सोशल मीडियाची पानं सांभाळते. मिठाईवाला, दाताचा डॉक्टर, योगाचे क्लास, आणि आता आम्ही. पोरगी हुशार, बोलायला तिखट. मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. तिने आमची पहिल्या महिन्याची पानं बघितली आणि कपाळाला हात लावला. आम्ही काय टाकलं होतं? जीवामृताचा ड्रम. गांडूळखताचा ढीग. पिवळा चिकट सापळा, त्यावर चिकटलेल्या माश्यांसकट. लाइक करणारे सगळे घरचेच. हिच्या आईने तर माश्यांच्या फोटोला बदाम दिला होता.

"यार, गोबर कौन शेयर करेगा?" मैत्रीण म्हणाली. "लोग खाद याद नहीं रखते, इंसान याद रखते हैं. तेरी कहानी लिखते हैं. फाउंडर की जर्नी. मंगल और शुक्र, शाम को. हर पोस्ट में एक बात, आख़िर में ऑर्डर की लिंक."

मी कोपऱ्यात बसून बरबटीच्या शेंगा निवडत होतो. मला वाटलं होतं जाहिरात म्हणजे भाव आणि फोन नंबर. तिने समजावून सांगितलं ते मात्र पटण्यासारखं होतं. मोबाईलवर सुरुवातीच्या एकदोन ओळीच दिसतात, मग 'और पढ़ें' येतं. त्या ओळीत माणूस थांबला तर थांबला, नाहीतर अंगठा पुढे सरकला. म्हणून पहिली ओळ अशी हवी की अंगठा अडकला पाहिजे. पोस्ट टाकल्यावर पहिला तास फोन घेऊन बसायचं, येईल त्या प्रत्येक कॉमेंटला उत्तर द्यायचं. आणि लाइकपेक्षा जास्त किंमत कशाला, तर कोणी पोस्ट जपून ठेवली किंवा दुसऱ्याला पाठवली त्याला. हे सगळं ती बोटांवर मोजत सांगत होती आणि आमची पोरगी परीक्षेला बसल्यासारखी ऐकत होती.

पहिली पोस्ट आली: बँकेतली शेवटची संध्याकाळ. बरी चालली. दुसरी आली मंगळवारी. मी ती वाचली नाही, कारण मंगळवारी संध्याकाळी मी पुरानी बस्तीतल्या मारुतीला जातो आणि तिथून घरी येईपर्यंत सगळं शहर ती वाचून मोकळं झालं होतं. पहिली ओळ होती: "पापा ने कहा, मिट्टी में ही हाथ डालना था तो पढ़ाया क्यों?"

खाली सगळी कथा. बाप संतापला. बापाने बोलणं टाकलं. लेक एकटी स्कूटर घेऊन निघाली. जमिनीचा उल्लेख नव्हता, कारण जमीन कोणाची हे लिहिलं तर बाप मध्ये आला असता.

रविवारी मी भाजी पोचवायला निघालो. आमची पद्धत अशी होती: शुक्रवारी सकाळी व्हॉट्सॲपवर भाज्यांची यादी जायची, शनिवारी दुपारपर्यंत ऑर्डर घ्यायच्या, मग तोडणी, आणि रविवारी सकाळी मी घरोघरी. डोक्यावर टोपी, अंगावर ब्रँडचं हिरवं ॲप्रन. ॲप्रन घातल्यावर माणूस कोणाचा बाप वगैरे राहत नाही, सगळे 'भैया' नाहीतर 'अंकल' म्हणतात. त्या रविवारी ऑर्डरी इतक्या झाल्या होत्या की मला दोन खेपा माराव्या लागल्या, आणि पिशवी घेता घेता जी ती बाई त्या बापाबद्दल बोलत होती. प्राचार्या मॅडमचं ते पत्थरदिल तिथलंच.

घरी येऊन ॲप्रन खुंटीला टांगलं आणि लेकीला विचारलं, "काहून व, मी कधी म्हटलं असं?"

ती लालबुंद झाली. "नाही म्हटलं, बाबा. ती म्हणे, कहानी में कोई रोकने वाला लगता है. रोकणारा नसला तर लोक वाचत नाहीत. मी म्हटलं लिही थोडंसं. तिने जास्त लिहिलं. काढून टाकतो मी."

आतून हिची आई म्हणाली, "काढून टाक! लोक काय म्हणतील यायले? जिंदगीभर मुंगी मारली नाही या माणसानं."

मुंगी मारली नाही हे मला कौतुक म्हणून कधीच आवडलेलं नाही. खरं सांगतो, आयुष्यभर मी ऑफिसात, नात्यात, मराठी मंडळात 'साधा माणूस' म्हणून ओळखला गेलो. कोणी कधी माझ्याबद्दल भांडलं नाही. आणि आता अर्ध्या रायपुरात बायका माझ्या नावाने बोटं मोडत होत्या. थोडी मजा वाटली, नाकारत नाही. शिवाय ऑर्डरी दुप्पट झाल्या होत्या. मी म्हटलं, "राहू दे. माल तर जाऊन राहिला ना?"

तिथून मला चेव आला. मॅडम विचारायच्या, "अब भी नाराज़ है क्या?" मी पिशवी देता देता सुस्कारा सोडायचो, "बहुत खड़ूस है मॅडम, सुना है खाना भी अलग खाता है." एकीला सांगितलं की तो माणूस घरात कोबी शिजू देत नाही. एका घरी तर बाईंनी मला बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, अंकल, बिचारीला तुम्हीच आधार द्या, बापासारखे आहात. तो चहा मी आनंदाने प्यालो.

मालिका पुढे चालली. पाऊस जास्त झाला, टमाट्याचा वाफा कुजला, हे तर खरंच घडलं होतं आणि पोस्टमध्येही खरंच लिहिलं. लोकांनी धीर दिला. भनपुरीच्या कारखान्यातून खोके आणले, त्यांवर शिक्के मारताना लेकीची बोटं निळी झाली, त्याचा फोटो चालला. पण प्रत्येक पोस्टखाली कोणी ना कोणी विचारायचंच: पापा माने क्या? लेक म्हणायची, उत्तर काय देऊ? मैत्रीण म्हणायची, देऊ नको, अभी नहीं, इसका एक अलग पोस्ट बनेगा. तिच्या कॅलेंडरवर तो दिवस ठरलेलाच होता. थंडीत गिऱ्हाइकांना शेतावर बोलवायचं, त्यांच्यासमोर बाप पहिल्यांदा शेतात पाऊल टाकणार, माती हातात घेणार, लेकीच्या डोक्यावर हात ठेवणार. व्हिडिओ होणार. बघणाऱ्यांचे डोळे पाणावणार.

"पन मी तर रोज येतो शेतात," मी म्हणालो.

"वही तो प्रॉब्लेम है अंकल," मैत्रीण म्हणाली. "आपको तो सब डिलीवरी वाले अंकल समझते हैं."

मी कोबी न खाणारा बाप उभा केला होता आणि आता तो कुठून आणायचा ते कोणालाच कळेना. तेवढ्यात लेक हळूच म्हणाली, "मामाले उभं केलं तर?"

मामा म्हणजे माझा मेहुणा, दुर्गला राहतो. निवृत्त झाल्यापासून मिशा वाढवल्या आहेत. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षं बापाची नाहीतर पाटलाची भूमिका त्याचीच. मैत्रीण टाळी वाजवून हसली, हिची आई हसली, मीही हसलो. मी जरा जोरातच हसलो. आणि मग रात्रभर, नाही, रात्रभर नाही, पण पंख्याकडे बघत बराच वेळ मला एकच दिसत होतं: माझी लेक त्या माणसाच्या पाया पडते आहे, आणि मी मागे भजी वाढतो आहे.

इतके दिवस लोक जिला शिव्या देत होते ती एक हवेतली आकृती होती. तिच्याशी माझं काही भांडण नव्हतं. आता तिला मिशा येणार होत्या. पोरगी हजारो लोकांसमोर दुसऱ्याला बाप म्हणणार होती आणि तो व्हिडिओ कायम राहणार होता. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण बोलायची सोय कुठे होती, खडूस बापाला खतपाणी मीच घातलं होतं. आणि त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आता बोललो, बाप खोटा निघाला, तर माणसं पुढचा प्रश्न विचारणारच: मग भाजी तरी खरी कशावरून? ठप्पा नाही, कागद नाही, पोरीचा शब्द तेवढा आहे. तोच आम्ही जुड्या बांधून विकत होतो. म्हणून मी गप्प बसलो.

मेहुणा आदल्या दिवशीच आला. नवा कुर्ता, वर जाकीट. आल्या आल्या विचारतो, "भावजी, तुमी रागावले की कसे बोलता, ते जरा दाखवा." मी म्हटलं, मी रागावत नाही. तो म्हणाला, मग मी माझ्याच पद्धतीनं करतो. आणि खरोखर, आमच्या अंगणात त्याने असा काही राग केला की शेजारचे बाहेर आले.

शेतावरच्या दिवशी पंचवीसएक माणसं आली असतील. गाड्या बांधावर, पोरं मुळे उपटायला, बायका लाल भाजीबरोबर सेल्फी घ्यायला. गटातले चारही शेतकरी आले होते. प्राचार्या मॅडम डोक्याला स्कार्फ बांधून सगळीकडे फिरून आल्या, जीवामृताच्या ड्रममध्ये वाकून वास घेतला आणि "ठीक है," म्हणाल्या. मी ॲप्रन घालून मिरचीची भजी तळून वाढत होतो. मैत्रिणीने मोबाईल स्टँडवर लावला, सगळ्यांना अर्धगोलात उभं केलं. मेहुणा लांबून बांधावरून चालत आला. काय चालला! मध्ये थांबला, आभाळाकडे बघितलं, मूठभर माती उचलली, नाकाशी नेली. दोन बायकांनी पदर डोळ्याला लावला. मलाही क्षणभर वाटलं, हा माणूस फार त्रासात आहे.

तो लेकीसमोर येऊन उभा राहिला. आता तिने वाकायचं आणि म्हणायचं, "पापा, आप आ गए." एवढंच वाक्य होतं. घरी तिने ते दहादा म्हणून बघितलं होतं.

ती वाकली नाही. मेहुण्याने हात आशीर्वादाला वर केला होता, तो तसाच राहिला. "बोल ना," मैत्रीण मोबाईलमागून पुटपुटली. लेक इकडेतिकडे बघायला लागली, आणि मला कळलं की ती मला शोधते आहे. मी काय करावं? मी झाऱ्याने खूण केली. म्हणजे बोल, आटप. खरंच केली. तिला सोपं जावं म्हणून मी मान पण हलवली.

ती तिथेच रडायला लागली. "मामा, सॉरी," म्हणाली, आणि मग सगळ्यांकडे वळून हिंदीत, "ये मेरे मामा हैं. मेरे पापा वो हैं. जो पकोड़े दे रहे हैं."

पंचवीस माना वळल्या. माझ्या हातात झारा होता, तेल ठिबकत होतं.

मग तिने सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. की बाबांनी कधीच अडवलं नाही. जमीन त्यांची आहे. ते वाक्य त्यांनी म्हटलंच नव्हतं, पोस्टसाठी लिहिलं. मैत्रीण स्टँडजवळून पुढे आली आणि म्हणाली, "लिखा मैंने था." मला त्या पोरीचं तेव्हा कौतुक वाटलं, पळून जाता आलं असतं तिला.

सगळ्यात आधी प्राचार्या मॅडम बोलल्या. लेकीशी नाही, माझ्याशी. "और आप? मैं हर इतवार आपके सामने, आप ही को... और आप कहते रहे, हव मॅडम?"

मी म्हटलं, "मॅडम, कोबी वाली बात भी मैंने ही जोड़ी थी."

कोणी हसलं नाही. मॅडम लेकीकडे वळल्या आणि मला ज्याची भीती होती तेच शांतपणे विचारलं, "तो दवाई नहीं डालते, ये किसने लिखा था?"

लेकीने डोळे पुसले. "मी," असं आधी मराठीतच म्हणाली, मग हिंदीत: हे मी लिहिलं आहे आणि हे खरं आहे. पण तुम्ही आता माझं ऐकू नका. हे चौघं या गटातले आहेत, यांच्या शेतांना आमची आणि आमच्या शेताला यांची तपासणी असते, यांना विचारा. आणि फोन न करता कोणत्याही दिवशी या. काही लोकांनी त्या चौघांना विचारलं. काही लोक भजी तशीच ठेवून गाडीत बसले. मेहुणा बिचारा कुर्त्याला लागलेली माती झटकत उभा होता. त्याला वाईट याचं वाटत होतं की प्रवेश अर्धाच राहिला.

आम्ही दोघं स्कूटरवर घरी निघालो. मग अर्ध्या वाटेत ती मागून म्हणाली, "बाबा, तुम्ही मान काहून हलवली?" मी म्हटलं, "तुले सोपं जावं म्हणून." ती म्हणाली, "त्याच्यानंच तर रडली मी."

मैत्रिणीचा सल्ला होता की जुनी पोस्ट गुपचूप काढायची नाही. लोकांकडे तिचे फोटो आहेत, काढली तर आणखी वाईट दिसेल. त्याच पोस्टच्या वरती लिहायचं की यातली बापाची गोष्ट खोटी आहे, आणि नवीन पोस्ट लिहून पानाच्या सगळ्यात वर टाचून ठेवायची. नवीन पोस्ट लेकीने एकटीने लिहिली. मैत्रिणीने फक्त वाचली आणि एक शब्दही बदलला नाही, पहिली ओळसुद्धा नाही, आणि पहिली ओळ तर अगदीच पडेल होती: "यह पोस्ट मेरे पिताजी के बारे में है." यात कोणाचा अंगठा अडकणार? पण पुढे तिने लिहिलं होतं, आणि ते मी वाचलं तेव्हा चष्मा काढून ठेवावा लागला: माझ्या रस्त्यात कोणीच उभं नव्हतं. सगळं मिळत गेलं. म्हणून मला वाटलं की माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्टच नाही, आणि मी ज्याने सगळं दिलं त्यालाच रस्त्यात उभं केलं.

लाइक कमी आले. शुक्रवारची यादी गेली आणि शनिवारी ऑर्डरी निम्म्याच्याही खाली. रविवारी एका खेपेत काम झालं. प्राचार्या मॅडमची ऑर्डर नव्हती, तरी मी त्यांच्या फाटकापाशी थांबलो, ॲप्रन न घालता. त्या बाहेर आल्या. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "धनिया है?" मी कोथिंबिरीची जुडी दिली. "अभी सिर्फ़ धनिया," त्या म्हणाल्या. "बाक़ी मैं ख़ुद आकर देखूँगी." पुढे त्या खरंच तीनदा न सांगता शेतावर आल्या, एकदा तर मी झाडाखाली झोपलेलो असताना. पण तो सगळा नंतरचा भाग.

त्याच रविवारी दुपारी आम्ही जेवून बसलो होतो. लेक फोनवर कॉमेंटांना उत्तरं देत होती. रागाच्या कॉमेंटांनाही देत होती, एकेकाला, शांतपणे. मध्येच तिचं बोट थांबलं. तिने फोन माझ्याकडे दिला. एका मुलीने इनबॉक्समध्ये निरोप पाठवला होता. भिलाईची होती. लिहिलं होतं: दीदी, तुमच्या पप्पांची गोष्ट खोटी होती हे वाचलं. माझ्या पप्पांनी खरंच अडवलं आहे. मला गावच्या जमिनीवर हेच करायचं आहे. ते दोन महिन्यांपासून बोलत नाहीत. तुमची ती पोस्ट मी रोज वाचायची, वाटायचं की तुमचे पप्पा मानतील तर माझेही मानतील. आता काय वाचू?

हिची आई म्हणाली, "का बाप्पा!" आणि पदर तोंडाला लावला.

"बाबा, काय लिहू इले?" लेकीने विचारलं. मैत्रिणीला फोन करू का, म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, नको.

मी तो निरोप पुन्हा एकदा वाचला. एरवी मी या घरात प्रत्येक गोष्टीला उत्तर देतो, विचारलं नसलं तरी. ज्या बापाची मी रविवारी रविवारी मजा घेतली होती, तो भिलाईला खरोखरच एका घरात बसला होता, आणि त्याच्या पोरीने माझ्या भरवशावर दिवस काढले होते. आणि त्या माणसालाही रोज रात्री जेवण गोड लागत नसणार, हे मला का कोण जाणे पक्कं ठाऊक होतं.

"तिले लिही," मी म्हणालो, "बापाचा नंबर दे म्हणा. तिची हरकत नसली तर."

"तुम्ही बोलणार? काय बोलणार?"

"ते मले तरी कुठं माहीत आहे?"

नंबर यायला बराच वेळ गेला. पोरगी घाबरली असणार. आला तेव्हा चार वाजून गेले होते, हिची आई चहा ठेवत होती. मी ओसरीवर जाऊन बसलो, लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बऱ्याच रिंग झाल्यावर पलीकडून एक जाड, थकलेला आवाज आला, "कौन?"

"नमस्कार भाईसाहब," मी म्हणालो. "आपकी बेटी खेती वाली एक लड़की की पोस्ट पढ़ती है. मैं उसी का बाप बोल रहा हूँ."